रेसी तक्ता (लेखा फर्ममधील नव्या क्लायंटचा प्रवेश)

रेसी तक्ता म्हणजे एखाद्या कामातील प्रत्येक टप्प्यावर कोणाचा काय वाटा आहे हे मांडणारा तक्ता. डाव्या बाजूला टप्पे, वरच्या ओळीत माणसे किंवा पदे आणि प्रत्येक चौकटीत चारपैकी एक अक्षर असते. ‘आर’ म्हणजे काम प्रत्यक्ष करणारा. ‘ए’ म्हणजे ते झाले की नाही याचे उत्तर देणारा. ‘सी’ म्हणजे काम करण्याआधी ज्याला विचारायचे तो आणि ‘आय’ म्हणजे झाल्यावर ज्याला कळवायचे तो. नियम एकच, पण तो कडक आहे : एका ओळीत ‘ए’ एकच असावा. ‘आर’ दोघे-तिघे चालतात. एकच माणूस ‘ए’ आणि ‘आर’ दोन्ही असला तरी हरकत नाही.

प्रकल्प व्यवस्थापनात हा तक्ता रुळलेला आहे. लेखा फर्मला त्याची गरज भासते ती फर्म वाढू लागल्यावर. रत्नागिरीत एक सीए, त्याच्या हाताखाली शिकणारे दोन आर्टिकल आणि एक अकाउंटंट एवढेच ऑफिस असते तेव्हा नव्या क्लायंटचे सगळे सीएच्या डोक्यात असते. पुढे दुसरा पार्टनर येतो, चिपळूणला शाखा निघते, क्लायंट एका ठिकाणी भेटतो आणि त्याची वही दुसरीकडे लिहिली जाते. मग ‘मला वाटलं तुम्ही केलंत’ हे वाक्य ऐकू येऊ लागते. त्यात कोणाचा आळस असतोच असे नाही. एका माणसाच्या हातून दुसऱ्याच्या हाती काम जाताना मध्ये उरलेली जागा कोणाच्याच नावावर नसते.

आंब्याचा पल्प डबाबंद करणाऱ्या एका कल्पित भागीदारी संस्थेचे उदाहरण घेऊ. मे संपला, हंगाम आटोपला आणि जूनमध्ये भागीदारांनी आपले काम जुन्या सल्लागाराकडून काढून या फर्मकडे दिले. पार्टनरने फी ठरवली. चिपळूणच्या आर्टिकलने पॅन, भागीदारीपत्र आणि बँकेचे कागद गोळा केले. अकाउंटंटने जुन्या वहीतून शिलका उतरवून घेतल्या. प्रत्येकाने आपले काम नीट केले. 10 जुलैला संध्याकाळी जीएसटी पोर्टल उघडायला गेल्यावर कळले, की नोंदलेला मोबाईल आणि ईमेल दोन्ही जुन्या सल्लागाराचे आहेत. ओटीपी त्यांच्याकडे जातो आणि ते फोन उचलत नाहीत.

अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा मोबाईल-ईमेल बदलणे सोपे असते, पण त्यासाठी आधी पोर्टलमध्ये शिरता यायला हवे. ते जमत नसेल तर करदात्याला ओळखीचे पुरावे घेऊन आपल्या हद्दीतील कर अधिकाऱ्याकडे जावे लागते. तो नवा ईमेल-मोबाईल नोंदवतो आणि मग पासवर्ड नव्याने करता येतो. या धावपळीत जूनची दोन्ही जीएसटी विवरणपत्रे 23 जुलैला गेली. विक्रीची बिले दाखवणाऱ्या जीएसटीआर-1 ची मुदत 11 तारखेची, कर भरण्याच्या जीएसटीआर-3बी ची 20 ची, आणि पहिले भरल्याशिवाय दुसरे भरता येत नाही. 3बी ला तीन दिवसांचा उशीर म्हणजे रोज 50 प्रमाणे 150 रुपये विलंबशुल्क. क्रेडिट वजा जाता भरायचा कर दोन लाख धरला तर त्यावर वार्षिक 18 टक्क्यांनी सुमारे 296 रुपये व्याज. ही रक्कम किरकोळ आहे. खरा फटका वेगळ्याच जागी बसला. माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला किती क्रेडिट मिळेल हे दाखवणारे जीएसटीआर-2बी 14 तारखेला तयार होते; जीएसटीआर-1 तोवर गेले नसल्याने त्यात ही बिले आलीच नाहीत. त्याचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, महिनाभर पुढे गेले आणि त्याने कारखान्याचे पैसे अडवून धरले. नव्या क्लायंटचा फर्मवरचा विश्वास पहिल्याच महिन्यात डळमळला.

अशा फर्मने प्रवेशाच्या टप्प्यांचा तक्ता केला तर त्यातील मोक्याच्या ओळी साधारण अशा दिसतील :

| टप्पा | पार्टनर | शाखेचे सीए | अकाउंटंट | आर्टिकल |
|---|---|---|---|---|
| मागील लेखापरीक्षकाला पत्र | ए | आर | आय | – |
| एंगेजमेंट लेटर व फी | ए, आर | सी | आय | – |
| केवायसीचे कागद | आय | ए | – | आर |
| जीएसटी पोर्टलवरील मोबाईल-ईमेल | आय | ए | आर | आय |
| आरंभीच्या शिलका जुळवणे | सी | ए | आर | – |

चौथी ओळ आधी कुठेच नव्हती, म्हणून ती कोणाच्याही वाट्याला आली नाही. तक्त्याचा सर्वांत मोठा उपयोग इथे आहे : अक्षरे भरण्याआधी टप्पे लिहावे लागतात आणि लिहिताना सुटलेला टप्पा उघडा पडतो. ‘पोर्टलचे बघणे’ अशी मोघम ओळ मात्र काही कामाची नाही. ओळीच्या शेवटी हातात काय असेल ते दिसले पाहिजे, उदाहरणार्थ ‘ओटीपी भागीदाराच्या फोनवर आला’.

पहिली ओळ वेगळ्या कारणाने जपायची असते. सनदी लेखापाल कायदा, 1949 च्या पहिल्या अनुसूचीतील भाग 1, खंड 8 प्रमाणे आधीच्या सीएला लेखी कळवल्याशिवाय त्याच्या जागी लेखापरीक्षक होणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. आधीच्या लेखापरीक्षकाची निर्विवाद फी थकलेली असेल तर काम स्वीकारताही येत नाही, म्हणून हे पत्र प्रवेशाच्या अगदी सुरुवातीला जावे लागते. पत्र टाइप करणे, पोस्टाने पाठवणे आणि पोचपावती फाइलला लावणे कोणीही करू शकते. उत्तर द्यायचे ते मात्र काम स्वीकारणाऱ्या सीएनेच. तक्त्यात ‘ए’ आर्टिकलच्या खाली लिहिला म्हणून कायद्याने आलेली जबाबदारी त्याच्याकडे सरकत नाही. तक्ता फर्मच्या आतली वाटणी सांगतो, एवढीच त्याची पोच आहे.

तक्ता भरण्याची चांगली पद्धत अशी : टप्प्यांची कोरी यादी प्रत्येकाला द्यावी आणि एकमेकांना न विचारता अक्षरे भरायला सांगावे. नंतर सगळे कागद शेजारी ठेवावेत. ज्या ओळीत दोघांनी स्वतःला ‘ए’ लिहिले तिथे भांडण दबलेले आहे, आणि ज्या ओळीत कोणीच लिहिले नाही तिथे पुढचा घोळ. पार्टनरने एकट्याने बसून भरलेला तक्ता सहसा त्याच्या समजुतीचेच चित्र असतो. अशा तक्त्यात प्रत्येक ‘ए’ त्याच्याच नावावर पडलेला दिसतो, आणि पार्टनर मुंबईला गेला की चिपळूणचे काम थांबते. ‘सी’ची खैरातही तितकीच घातक. दर ओळीत तिघांना विचारायचे ठरले, तर केवायसीचा साधा कागदही आठवडाभर टेबलावर पडून राहतो.

तक्त्यात पदे लिहावीत आणि प्रत्येक क्लायंटच्या फाइलवर त्या पदांवरील माणसांची नावे. आर्टिकलशिप आता दोन वर्षांची असल्याने नावे सतत बदलतात. कोकणात आणखी एक पेच असतो. गणपती ऑगस्ट-सप्टेंबरात येतात, अर्धे ऑफिस गावी जाते आणि कर लेखापरीक्षणाच्या अहवालाची नेहमीची मुदत 30 सप्टेंबर असते. त्या दिवसांत आलेल्या क्लायंटसाठी ‘आर’ आणि ‘ए’ दोघांच्याही जागी कोण, हे फाइलवर आधीच लिहिलेले असावे लागते. तारखा आणि टप्प्यांचा क्रम रेसी तक्ता सांगत नाही. त्यासाठी मुदतीचे रजिस्टर वेगळेच ठेवावे लागते.