पाकीट आधी की घडी आधी?

चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात पाकीट मागितलं की दुकानदार इंचात विचारतो, ‘नऊ-चार देऊ की दहा-साडेचार?’ आपल्या हातातला कागद मात्र झेरॉक्सवाल्याकडचा ए-४, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. घोटाळ्याचं मूळ या दोन मापांत आहे.

ए-४ दोनदा दुमडून तीन घड्या केल्या की ९९ बाय २१० ची पट्टी होते. नऊ-चारचं पाकीट साधारण २२९ बाय १०२ मिमी असतं. म्हणजे उंचीत जेमतेम तीन मिमी मोकळे. घडी दोन मिमी इकडेतिकडे झाली तरी पट्टी तोंडाशी अडते. शिवाय आत जाणारी घडी थोडी आखूड ठेवावी लागते, नाहीतर तिची कड चुरगळते. ९७, १००, १०० अशी वाटणी केली तर पट्टी १०० ची होते आणि दोनच मिमी उरतात. याच पट्टीसाठी डीएल नावाचं माप आहे, ११० बाय २२०. लांबीत आणि उंचीत दहा-दहा मिमी सुटतात. एक-दोन पानांच्या पत्राला तेवढं अगदी योग्य. दहा-साडेचारमध्येही (२५४ बाय ११४) पत्र जातं, पण लांबीत चार सेंटिमीटर सरकत राहतं आणि कोपरे दुमडतात.

एकच घडी घातली तर ए-५ होतो, त्याला सी-५ (१६२ बाय २२९). घडीच नको असेल तर सी-४ (२२९ बाय ३२४). ए मालिकेत लांबी रुंदीच्या १.४१४ पट असते, म्हणून कागद मधोमध दुमडला तरी प्रमाण तेच राहतं. सी मालिकेतही हेच प्रमाण आहे. डीएल या कुटुंबातला नाही, कारण तीन घड्यांत हे प्रमाण मोडतं.

इथवर कागद जाडी नसलेला धरला, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. पाकीट म्हणजे कडांना चिकटलेले दोन पदर. आतल्या गठ्ठ्याभोवती त्यांना वळसा घालावा लागतो. डीएलचा हा वळसा ११० च्या दुप्पट, २२० मिमी. ९९ मिमी उंच आणि ५ मिमी जाड गठ्ठ्याला २०८ मिमी लागतात. म्हणजे अकरा मिमीची मोकळीक सहावर आली. थोडक्यात, गठ्ठा जितका जाड तितके मिलिमीटर पाकिटाच्या लांबीतून आणि उंचीतून वजा करायचे, आणि मग माप जुळवायचं.

साधा ८० ग्रॅमचा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो. दहा पानांच्या तीन घड्या म्हणजे तीस थर, हिशेबाने तीन मिमी. पण घडी कधी पूर्ण दबत नाही, त्यामुळे घडीची जाडी बोटांनी दाबून मोजपट्टीवर मोजावी. कोकणात जुलै-ऑगस्टात तर हे मोजणं हवंच. कागदाचे तंतू ओल पिऊन आडवे फुगतात, लांबीत फारसे वाढत नाहीत. म्हणून पान मोठं होण्यापेक्षा त्याला लाटा येतात आणि तोच गठ्ठा अधिक जाड होतो.

आता एक खरोखर अडचणीचं प्रकरण. संगमेश्वरच्या घराची वारस नोंद करायची आहे, आणि मुंबईकर भावाला गावी पाठवायची आहेत ए-४ ची सहा पानं आणि लीगल कागदावरचं एक प्रतिज्ञापत्र, २१६ बाय ३५६ मिमी. सवयीने तीन घड्या घातल्या तर लीगलची पट्टी ११९ मिमी उंच होते. डीएल बाद, दहा-साडेचारही बाद. अकरा-पाचमध्ये (२७९ बाय १२७) ती मावते, पण एकवीस थरांची जाडी चार मिमी धरली तर चारच मिमी उरतात. वर ए-४ ची घडी लीगलच्या घडीशी जुळत नाही, त्यामुळे एका टोकाला फुगवटा येतो. माझं मत, इथे घड्यांचा हट्ट सोडावा.

लीगलचा खालचा सहा सेंटिमीटर भाग फक्त वर दुमडा. उरतात २१६ बाय २९६ मिमी, म्हणजे जवळजवळ ए-४ च. ए-४ ची पानं न दुमडता त्याच्या पाठीशी ठेवली की आठ थर, मिलिमीटरभर जाडी. सी-४ मध्ये रुंदीला बारा मिमी सुटतात. तो नाही मिळाला तर दुकानातलं बारा-दहा (३०५ बाय २५४) चालतं. लांबीत सातेक मिमी राहतात, रुंदीत मात्र ते हलेल, म्हणून मागे एक पुठ्ठा घालावा, पाकिटाच्या आतल्या रुंदीपेक्षा पाचेक मिमी कमी, आणि कागद त्याला क्लिपने धरावेत.

दुमडण्याआधी एवढं बघा, नोटरीचा शिक्का आणि सही बहुधा खालीच असते. सहा सेंटिमीटरवर घडी शिक्क्यातून जात असेल तर आठवर घाला. कागद २७६ मिमीचा होईल, पाकीट तेच राहील.