पीडीएफची स्लाइड केली आणि वाक्याचे तुकडे पडले

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या शिक्षकांनी भूजलावरचं जुनं प्रेझेंटेशन पाठवलं. मूळ फाइल हरवली होती, हाताशी फक्त पीडीएफ. त्यांनी ती एका कन्व्हर्टरमधून पॉवरपॉइंटमध्ये आणली. दिसायला स्लाइड जशीच्या तशी. पण ‘पातळी 2.5 मीटर खाली गेली’ या ओळीवर क्लिक केलं तर ‘पातळी’ एका चौकटीत, ‘2.5’ दुसऱ्या, ‘मीटर खाली गेली’ तिसऱ्या. आकडा बदलून 12.5 केला की तो शेजारच्या शब्दावर चढायचा.

कन्व्हर्टरनं वाक्य तोडलं, असं आपल्याला वाटतं. खरं तर त्याला वाक्य मिळालंच नव्हतं.

पीडीएफ हा छापील पानाचा नकाशा असतो. कोणतं अक्षर, कोणत्या फॉन्टात, पानावर नेमकं कुठे, एवढंच त्यात असावं लागतं. ओळ, परिच्छेद, बुलेट यांची नोंद असलीच पाहिजे असं नाही. फाइल उलगडून पाहिली तर आत असं काही दिसतं:

```
BT
/F1 24 Tf
72 400 Td
[(W) 80 (ater) -500 (level)] TJ
ET
```

अर्थ असा: 24 पॉइंटचा फॉन्ट घे, पानाच्या डाव्या-खालच्या कोपऱ्यापासून 72 पॉइंट उजवीकडे आणि 400 पॉइंट वर जा, मग अक्षरं उमटव. मधले आकडे फॉन्टच्या आकाराच्या हजाराव्या भागात मोजतात. 80 म्हणजे W नंतरचं अक्षर सुमारे 1.9 पॉइंट मागे ओढ, म्हणजे W ला चिकटून बसेल. -500 म्हणजे 12 पॉइंट पुढे सरक. इथे दोन शब्दांमध्ये स्पेस नावाचं अक्षरच नाही, नुसती मोकळी जागा आहे.

आता कन्व्हर्टरच्या जागी बसून बघा. 24 पॉइंटच्या अक्षरात साधी स्पेस साधारण सहा-सात पॉइंटांची. इथे 12 आहे. ओळ दोन्ही कडांना जुळवल्यामुळे ती ताणली गेली, की हे दोन वेगळे रकाने आहेत? त्याला अंदाजच बांधावा लागतो. अंतर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वाटलं की नवी चौकट. तोच प्रकार उभ्या दिशेनं: खालची ओळ याच परिच्छेदाची की पुढच्या मुद्द्याची, हे ओळींमधल्या अंतरावरून ताडायचं. बुलेटचं टिंब तर बहुधा वेगळ्या फॉन्टातलं आणि मजकुरापासून लांब, म्हणून ते बरेचदा सुटं पडतं.

मराठी स्लाइडमध्ये आणखी एक भर. देवनागरी एका फॉन्टात, इंग्रजी आकडे दुसऱ्यात, असं पॉवरपॉइंट आपण न सांगताच करतं. शिक्षकांच्या ओळीत ‘2.5’ वेगळं पडलं ते त्यामुळेच: फॉन्ट बदलला की पीडीएफमध्ये नवा तुकडा सुरू होतो, आणि काही कन्व्हर्टर तिथेच चौकट संपवतात. शिवाय ‘कि’मधली वेलांटी लिहिताना ‘क’नंतर येते, पण उमटते आधी. अशा ठिकाणी अक्षरांचा क्रमही उलटापालटा होऊ शकतो. पीडीएफमधली ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथेच ‘ककिी’ छापाचं काही आलं, तर चौकटी जोडूनही उपयोग नाही, ती ओळ टाइपच करावी लागेल.

तुकडे कमी करायची खरी वेळ पीडीएफ बनवताना असते. प्रिंटचा रस्ता धरून ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलं की रचनेची माहिती सहसा गळते. त्याऐवजी पॉवरपॉइंटच्या एक्स्पोर्टमध्ये Options उघडून `Document structure tags for accessibility` वर टिक ठेवा. मग हे शीर्षक, हा परिच्छेद, अशा खुणा फाइलमध्ये राहतात. मात्र त्या वाचणं कन्व्हर्टरवर अवलंबून, आणि सगळे वाचत नाहीत. लिबरऑफिसमध्ये याहून खात्रीचा उपाय आहे: पीडीएफ एक्स्पोर्ट करताना `Hybrid PDF` निवडलं की मूळ प्रेझेंटेशनच पीडीएफच्या पोटात जातं. बाकी जगाला ती साधी पीडीएफ दिसते, लिबरऑफिसमध्ये उघडली की मूळ स्लाइड समोर. फाइल थोडी जड होते, एवढंच. लोक हे फारसं वापरत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

पीडीएफ आधीच हातात असेल तर ती लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडा, एका परिच्छेदाच्या सगळ्या चौकटी निवडा आणि Shape मेनूतलं `Consolidate Text` दाबा. त्यांची एकच चौकट होते. अख्ख्या पानाच्या चौकटी एकदम निवडू नका, नाहीतर शीर्षक आणि तळटीप एकाच गाठोड्यात बांधली जातील. मूळ फॉन्ट आपल्या संगणकावर नसेल तर आधी तो बसवा, कारण बदली फॉन्टाची रुंदी वेगळी असली की चौकटी एकमेकींवर चढतात.

शिक्षकांच्या स्लाइड होत्या अकरा. त्यांचा मजकूर कॉपी केल्यावर शाबूत येत होता, म्हणून आम्ही जोडाजोडीच्या फंदात पडलो नाही. नवं प्रेझेंटेशन उघडलं, Outline View मध्ये मजकूर चिकटवला, आलेख तेवढे चित्र म्हणून उचलले. तासाभरात काम झालं, आणि 2.5 चं 12.5 केल्यावर ‘मीटर’ मुकाट्यानं बाजूला सरकला.