हवामान अंदाजातील शब्द, मराठी

रोजच्या हवामान अंदाजात पावसाचा विस्तार, हवेतील बाष्प आणि अंगाला जाणवणारा उकाडा सांगण्यासाठी वापरले जाणारे शब्द व त्यांचे मराठी पर्याय. यांपैकी प्रत्येक शब्दामागे ठरलेले मोजमाप असते, आणि मराठीत आणताना बहुतेक वेळा तेच गळून पडते. प्रस्तुत नोंद प्रामुख्याने ‘तुरळक ठिकाणी’, ‘आर्द्रता’ आणि ‘उष्मा निर्देशांक’ या तीन संज्ञांपुरती आहे.

तुरळक ठिकाणी. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या अंदाजात पावसाविषयी दोन स्वतंत्र गोष्टी सांगितलेल्या असतात: पाऊस किती जागी पडेल आणि जिथे पडेल तिथे किती पडेल. पहिल्या गोष्टीसाठी चार पायऱ्या आहेत. एखाद्या विभागातील पर्जन्यमापक केंद्रांपैकी 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर किमान 2.5 मिमी पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’, 26 ते 50 टक्के केंद्रांवर असेल तर ‘काही ठिकाणी’, 51 ते 75 टक्क्यांना ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’ असे म्हणतात. दुसरी गोष्ट चोवीस तासांच्या बेरजेवर ठरते. हे चोवीस तास सकाळी साडेआठला संपतात. 15.5 मिमीपर्यंतचा पाऊस हलका, 64.4 पर्यंत मध्यम, 64.5 पासून जोरदार किंवा मुसळधार, 115.6 पासून अतिमुसळधार, आणि 204.5 मिमी किंवा त्याहून जास्त झाला तर तो सर्वांत वरच्या वर्गात जातो. त्या शेवटच्या वर्गासाठी ‘अत्यंत मुसळधार’ आणि ‘अतितीव्र मुसळधार’ असे दोन्ही शब्द बातम्यांत आढळतात. पहिला अधिक सरळ आहे.

‘तुरळक’ हे विशेषण जागेचे आहे, पावसाचे नाही. ‘ठिकाणी’ हा शब्द गाळून ‘तुरळक पाऊस’ असे लिहिले की ते पावसाला जाऊन चिकटते, आणि वाचणाऱ्याला चार थेंबांचा, दुर्लक्ष करण्याजोगा पाऊस समजतो. बोलभाषेत त्या शब्दजोडीचा अर्थ तसाच होतो, त्यामुळे चूक वाचणाऱ्याची म्हणता येत नाही. घाटमाथ्यासाठी ‘बहुतांश ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस, तुरळक ठिकाणी अतिमुसळधार’ असा अंदाज आला, तर त्याचा पूर्ण अर्थ असा होतो: पाऊस जवळपास सगळीकडे आहे, शंभर केंद्रे धरली तर त्यांपैकी पंचविसांपर्यंत केंद्रांवर तो 115.6 मिमीच्या वर जाऊ शकतो. ती केंद्रे कोणती हे या वाक्यात सांगितलेले नाही. याचे मथळ्यात दोन प्रकारे नुकसान होते. एका ठिकाणी ‘घाटमाथ्यावर अतिमुसळधार’ एवढेच उरते आणि सगळा जिल्हा धास्तावतो. दुसऱ्या ठिकाणी ‘तुरळक पावसाची शक्यता’ छापले जाते आणि नेमका ज्या गावात ओढा चढणार आहे तिथला माणूस निर्धास्त राहतो.

थोड्या जागी पडणारा पाऊस किती मोठा असू शकतो याचे महाराष्ट्रातील सर्वज्ञात उदाहरण मुंबईचे आहे. 27 जुलै 2005 च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेत 944 मिमी पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला सुमारे 73 मिमी. दोन्ही ठिकाणे सरळ रेषेत 25 किमीच्या आत आहेत. कुलाब्याचा आकडाही वर दिलेल्या वर्गवारीत ‘मुसळधार’ वर्गातच मोडतो, तरी त्या दिवसाची दक्षिण मुंबई आणि उपनगरे ही दोन वेगळी गावे होती.

पर्यायांविषयी मतभेद आहेत. शब्दशः भाषांतरातून आलेल्या ‘विलग सरी’ आणि ‘विखुरलेल्या सरी’ या रचना मराठीच्या कानाला लागत नाहीत, शिवाय त्यांतून सर तुटक असल्याचा भास होतो. ‘एक-दोन ठिकाणी’ हा पर्याय बोलायला सोपा आहे. मात्र मोठ्या विभागात 25 टक्के म्हणजे कितीतरी केंद्रे, ती एक-दोन नसतात. ‘मोजक्या ठिकाणी’ हा सर्वांत कमी फसवणारा पर्याय वाटतो, कारण तो पावसाला चिकटू शकत नाही: ‘मोजका पाऊस’ असे कोणी म्हणत नाही. रूढ झालेला ‘तुरळक’ ठेवायचा असेल तर ‘ठिकाणी’ कधीही गाळू नये आणि पावसाचा जोर वेगळ्या वाक्यात सांगावा: ‘मोजक्या गावांत पाऊस, पण पडेल तिथे जोराचा.’

‘सर’ हा शब्द येथे काळाचा आहे. ढगाळ आकाशातून एकसारखा लागून राहणारा पाऊस म्हणजे संततधार किंवा, तो दिवसेंदिवस टिकला तर, झड. आणि अचानक येऊन अचानक थांबणारी ती सर. उभ्या वाढलेल्या ढगांतून पडणाऱ्या पावसासाठी शास्त्राला जो भेद हवा आहे तो मराठीत आधीपासून आहे, त्यासाठी नवी संज्ञा घडवावी लागत नाही.

विभागांच्या नावांचीही अशीच गफलत होते. अंदाजातील ‘मध्य महाराष्ट्र’ म्हणजे राज्याचा मधला भाग नव्हे. खानदेशापासून नाशिक, पुणे, सोलापूर ते कोल्हापूरपर्यंतचा तो पट्टा आहे.

आर्द्रता. हवेतील बाष्पाचे प्रमाण. शालेय भूगोलात निरपेक्ष, विशिष्ट आणि सापेक्ष असे तीन प्रकार शिकवले जातात. अंदाजात टक्क्यांत दिली जाते ती सापेक्ष आर्द्रता.

संस्कृत ‘आर्द्र’ म्हणजे ओला. मराठी ‘ओल’, ‘ओला’ हे शब्द याच ‘आर्द्र’पासून आले की नाही याबद्दल एकमत नाही. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात (बारावे शतक) ‘आर्द्र’ शब्दाच्या आद्य ‘आ’चा विकल्पाने ‘उ’ किंवा ‘ओ’ होतो असे सूत्र आहे, आणि त्यातून ‘उल्ल’, ‘ओल्ल’ ही रूपे साधली आहेत. त्याप्रमाणे ‘आर्द्रता’ आणि ‘ओल’ ही एकाच शब्दाची दोन वये ठरतात. काही आधुनिक अभ्यासकांना ‘आ’चा ‘ओ’ होणे नियमाबाहेरचे वाटते आणि ते ‘ओल्ल’चा संबंध पाण्याशी निगडित असलेल्या ‘उद्’ या धातूकडे नेतात. ध्वनिबदलाच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती अधिक सुलभ आहे. काहीही असले तरी आज दोन्ही शब्दांची कामे वेगळी झाली आहेत. ओल भिंतीला, जमिनीला असते, आर्द्रता हवेत. हवा अंगाला लागते तेव्हा तिला ‘दमट’ म्हणतात.

सापेक्ष आर्द्रता हे बाष्पाचे वजन नसून भागाकार आहे: हवेत असलेले बाष्प भागिले त्या तापमानाला हवेत मावू शकणारे बाष्प. हवा तापली की तिची बाष्पधारण क्षमता वाढते आणि टक्केवारी आपोआप उतरते. पहाटे 20 अंश सेल्सिअसला 90 टक्के आर्द्रता असलेली हवा, बाष्प तेवढेच राहून, दुपारी 34 अंशांपर्यंत तापली तर आर्द्रता सुमारे 40 टक्के दिसते. पाण्याचा एक कणही कमी झालेला नसतो. म्हणून ‘सकाळी 90 टक्के आर्द्रता’ याचा अर्थ पावसाची 90 टक्के शक्यता असा होत नाही, आणि दुपारी दमटपणा गेला असाही होत नाही. वेळ दिल्याशिवाय आर्द्रतेचा आकडा देणे निरुपयोगी आहे. दवबिंदू तापमान, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत निवली की तिच्यातल्या बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान, हा यापेक्षा स्थिर निर्देशक आहे, पण वृत्तपत्रांतील कोष्टकांत तो क्वचितच असतो.

सामान्य वाचकासाठी टक्केवारीऐवजी परिणाम सांगणे बरे: ‘हवा दमट राहील, घाम वाळणार नाही’. वाळत घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत ओलसरच राहतील, हे कोकणातल्या कोणत्याही घरात लगेच कळते.

उष्मा निर्देशांक. तापमान व सापेक्ष आर्द्रता यांचा एकत्रित परिणाम माणसाला किती अंशांसारखा जाणवेल याचा अदमास. ही कल्पना प्रामुख्याने आर. जी. स्टेडमन यांच्या 1979 मधील संशोधनावर उभी आहे. अमेरिकेच्या हवामान सेवेने ती स्वीकारली आणि तिच्यासाठी वापरले जाणारे सूत्र 1990 मध्ये मांडले गेले. भारतीय हवामानशास्त्र विभागाने 2023 पासून प्रायोगिक तत्त्वावर असे नकाशे देण्यास सुरुवात केली. त्यांत 36 ते 45 अंशांना पिवळा, 46 ते 55 ला नारिंगी आणि 55 च्या वर लाल रंग असतो.

अमेरिकी सूत्राने मे महिन्यातील दोन दुपारी ताडून पाहता येतात. मुंबईसारख्या ठिकाणी तापमान 34 अंश व आर्द्रता 65 टक्के असेल तर निर्देशांक सुमारे 44 येतो. नागपूरसारख्या ठिकाणी 44 अंश व 15 टक्के असेल तर तो सुमारे 43, म्हणजे प्रत्यक्ष तापमानाहूनही किंचित कमी. तापमानात दहा अंशांचा फरक असून अंगाला भार जवळपास सारखाच. कारण बाष्पात आहे: पहिल्या हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे 24 ग्रॅम बाष्प असते, दुसऱ्या हवेत सुमारे 9. कोरड्या हवेत घाम वाळतो आणि शरीर निवते. दमट हवेत तो निथळतो आणि उष्णता आतच राहते. मराठीने हा भेद नेमका धरून ठेवला आहे. नागपुरात ऊन रखरखते, झळा लागतात, मुंबईत उकडते.

मात्र हा आकडा सावलीतल्या, हलक्या वाऱ्यातल्या, सामान्य बांध्याच्या आणि चालत असलेल्या प्रौढ माणसासाठी काढलेला आहे. थेट उन्हात तो सुमारे 8 अंशांपर्यंत वाढू शकतो. ऊसतोडणी किंवा बांधकामावर उन्हात राबणाऱ्यांना तो जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि विदर्भातील तापलेल्या वाऱ्याचा धोकाही त्यात उतरत नाही. ‘43 म्हणजे 44 पेक्षा बरे’ असे त्यावरून म्हणता येत नाही.

नावाबाबत ‘उष्णता निर्देशांक’, ‘उष्मा निर्देशांक’ आणि थेट ‘हीट इंडेक्स’ असे तीन पर्याय चालू आहेत. ‘उष्णता’ हा भौतिकशास्त्रात ऊर्जेचा शब्द असल्याने आणि ‘उष्माघात’ आधीच सर्वांच्या तोंडी असल्याने ‘उष्मा’ अधिक योग्य आहे. अडचण ‘निर्देशांक’ची आहे: शेअर बाजारामुळे त्याला एकक नसते अशी सवय झाली आहे, आणि येथे तो अंशांत येतो, म्हणून ‘उष्मा निर्देशांक 44 अंश’ ऐकणारा पारा 44 वर गेला असे समजतो. तापमान आणि जाणीव एकाच वाक्यात, याच क्रमाने दिली तर घोटाळा टळतो: ‘पारा 34 अंशांवर राहील, पण दमटपणामुळे अंगाला 44 अंशांसारखा उकाडा जाणवेल.’