बोनसच्या सकाळी शेअर निम्म्यावर का दिसतो?

ज्या दिवशी एखाद्या कंपनीचा शेअर एक्स-बोनस होतो, म्हणजे तिथून पुढं घेणाऱ्याला बोनस मिळत नाही, त्या दिवशी सव्वानऊला बाजार उघडला की आमचा फोन वाजायला लागतो, "काय ओ, रात्रीत निम्मे पैसे गेले की माझे!" म्हणून हे लिहून ठेवतोय.

समजा तुमच्याकडं १०० शेअर आहेत, भाव १२०० रुपये, म्हणजे १,२०,००० चा माल. कंपनीनं १:१ बोनस दिला, म्हणजे हातातल्या एका शेअरमागं एक नवा. त्याच दिवशी, म्हणजे बोनस कुणाला द्यायचा ते ठरवायच्या रेकॉर्ड डेटला, सकाळी भाव आपोआप ६०० च्या आसपास येतो, पण नवे १०० शेअर अजून डिमॅटला आलेले नसतात, त्यामुळं अ‍ॅपवर १०० गुणिले ६०० असे ६०,००० च दिसतात आणि लाल आकडा बघून माणूस घाबरतो. आता बोनसचे शेअर रेकॉर्ड डेटनंतर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी विकता येतात, तोवर खात्यात दिसायला लागतात, २०० गुणिले ६००, परत १,२०,०००. बाजार त्या दिवशी वर-खाली झाला तर तेवढा फरक पडणार, तो बोनसमुळं नव्हे.

गेल्या खेपेला एका काकांनी घाबरून त्याच सकाळी सगळे १०० विकले. बोनसचे १०० त्यांना मिळालेच, कारण आदल्या दिवशी शेअर त्यांच्या नावावर होते, पण ठेवायचा होता तो निम्मा माल उगाच गेला.

भाव का उतरतो? कंपनीत बाहेरून एक रुपयासुद्धा आलेला नसतो, रिझर्व्हमधली रक्कम फक्त भांडवलाच्या खात्याला टाकतात. धंदा तेवढाच, वाटे दुप्पट.

स्प्लिट त्याहून सोपं. मार्केट यार्डात तीस किलोची गुळाची ढेप फोडून दहा-दहाच्या तीन केल्या तर गूळ वाढला का? स्प्लिटमध्ये फेस व्हॅल्यू, म्हणजे शेअरची कागदावरची मूळ किंमत, तीच फुटते. नेस्ले इंडियानं जानेवारी २०२४ मध्ये १० ची फेस व्हॅल्यू १ केली, एकाचे दहा शेअर झाले आणि सत्तावीस हजारांच्या आसपासचा भाव सत्तावीसशेच्या घरात आला. फायदा एवढाच की कमी पैशावाल्याला एखादा शेअर घेता येतो. आणि हो, डिव्हिडंड टक्क्यात जाहीर झाला तर तो फेस व्हॅल्यूवर असतो, १०० टक्के म्हणजे आधी १० रुपये, स्प्लिटनंतर १ रुपया.

फरक पडतो तो टॅक्सला, तिथं बरेच जण चुकतात. वरचे १०० तुम्ही ७०० नं घेतले असतील तर अ‍ॅप बोनसनंतर सरासरी ३५० दाखवेल, पण टॅक्सला जुन्यांची खरेदी ७०० च राहते, बोनसची शून्य, आणि लाँग टर्म धरायला लागणारं एक वर्ष बोनसच्या शेअरला ते मिळाल्यापासून मोजतात. विकताना जुने आधी गेले असं धरतात. स्प्लिटला मात्र किंमत वाटून जाते आणि तारीख मूळ खरेदीचीच.

जुन्या भावावर स्टॉपलॉस, म्हणजे भाव ठरावीक आकड्याखाली गेला की विकायची ऑर्डर, लावून ठेवला असेल तर रेकॉर्ड डेटच्या आदल्या दिवशी आम्हाला एक फोन टाका, नव्या भावानं परत लावून घेऊ.