‘आम्ही’च्या मागे दडलेला ‘मी’

नोकरीच्या मुलाखतीत ‘असा एखादा प्रसंग सांगा’ हा प्रश्न आला, तो लष्करी विमानांच्या जगातून. दुसऱ्या महायुद्धात मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन आणि त्यांचे सहकारी अमेरिकन हवाई दलासाठी वैमानिक निवडीचा अभ्यास करत होते. प्रशिक्षणात वैमानिक नापास का झाला, याची नोंद ‘उपजत कौशल्य कमी’ अशा शब्दांत व्हायची. त्यातून निवड करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नसे. म्हणून त्यांनी मतं बाजूला ठेवून प्रत्यक्ष घडलेल्या घटना मागायला सुरुवात केली. १९५४ साली फ्लॅनगन यांनी ही पद्धत शोधनिबंधात मांडली. घटनेत कृतीचा हेतू स्पष्ट हवा आणि परिणामही निश्चित दिसायला हवा, ही त्यांची अट होती.

सत्तरच्या दशकात डीडीआय या अमेरिकन कंपनीने मुलाखतीसाठी परिस्थिती, काम, कृती, परिणाम हा साचा रूढ केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तोच ‘स्टार’. फ्लॅनगन यांच्या अटीची छाप त्यात दिसते. १९८२ मध्ये संशोधक टॉम जॅन्झ यांनी पूर्वीच्या वर्तनावर बेतलेली मुलाखत आणि नेहमीची मुलाखत यांची तुलना केली, तेव्हा पहिलीतून पुढच्या कामाचा अंदाज अधिक नेमका आला.

पण प्रश्न साच्यातला विचारला म्हणून उत्तर साच्यात येत नाही. समजा, ग्राहकाच्या तक्रारीचा प्रसंग विचारला आणि उमेदवार म्हणाला, “तक्रारी आम्ही नेहमीच गांभीर्याने घेतो. बिलांचा घोळ झाला होता, टीमने मिळून मार्ग काढला.” ऐकायला छान, पण गुण कशाला द्यायचे? ‘नेहमीच’ म्हटलं की प्रसंग हरवतो आणि ‘टीमने’ म्हटलं की माणूस.

आधी प्रसंग पकडायचा: “अशी अगदी अलीकडची तक्रार कोणती?” एका ग्राहकाला तेच बिल दोनदा गेलं होतं. “त्यात तुमच्यावर काय सोपवलं होतं?” दोन दिवसांत कारण शोधणं. “टीममध्ये कोणी काय केलं? तुम्ही सर्वांत आधी काय केलंत?” इथे बहुतेक जण थबकतात. त्यांना वेळ द्यावा, ती शांतता आपण बोलून भरू नये. उमेदवार आठवून सांगतो, “मी तीन महिन्यांची बिलं तपासली, ११ दुबार निघाली. एकच ऑर्डर दोन ठिकाणी नोंदली जात होती, म्हणून एका ठिकाणची नोंद मी बंद करून घेतली.” आता कृती हाती आली. उरला परिणाम: “घोळ थांबला, हे तुम्हाला कशावरून कळलं?” त्याने पुढच्या महिन्याची बिलं पुन्हा तपासली असतील, तर ते इथे समजतं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते “मग तुम्हीच बिलं तपासली असतील ना?” असं विचारल्यावर. उत्तर आपणच तोंडात घातलेलं असतं, उमेदवार फक्त हो म्हणतो. “तुम्ही काय केलं असतं?” हाही प्रश्न इथे उपयोगाचा नाही, कारण त्यातून घडलेलं नव्हे, तर विचारात असलेलं बाहेर येतं. दोन-तीनदा खोदूनही ‘मी’ सापडला नाही, तर दुसरा प्रसंग मागावा. तिथेही तो नसेल, तर ‘पुरावा मिळाला नाही’ असं लिहावं. ‘कौशल्य नाही’ असं लिहू नये, या दोन वेगळ्या नोंदी आहेत.