कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (जेआरएफ)

पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यापीठ अनुदान आयोगाकडून (यूजीसी) दरमहा मिळणारी, स्पर्धा परीक्षेवर आधारलेली शिष्यवृत्ती. बोलण्यात तिला सर्रास ‘जेआरएफ’ म्हणतात. भाषा, मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे, वाणिज्य अशा विषयांसाठी यूजीसी-नेट ही परीक्षा असते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित यांसारख्या विषयांची परीक्षा सीएसआयआर-यूजीसी नेट या नावाने वेगळी होते. या नोंदीत मुख्यतः पहिल्या परीक्षेचा आणि तिच्यावरून मिळणाऱ्या पैशांचा विचार केला आहे.

पात्रता. डिसेंबर 2018 पासून परीक्षा राष्ट्रीय परीक्षा संस्था (एनटीए) घेते. सामान्यतः वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर सत्रांत. पदव्युत्तर पदवीत 55 टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना 50 टक्के चालतात. चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी घेतलेले विद्यार्थीही आता बसू शकतात. जेआरएफसाठी वयाची अट 30 वर्षांची आहे. महिला आणि राखीव प्रवर्गांतील उमेदवारांना तीत 5 वर्षांची सूट मिळते. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला मात्र वयोमर्यादा नाही. तीन तासांच्या एकाच सत्रात दोन पेपर होतात. पहिला सर्वांना समान, 50 प्रश्नांचा. दुसरा विषयाचा, 100 प्रश्नांचा. प्रत्येक प्रश्नाला 2 गुण, आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. सीएसआयआरच्या परीक्षेत ते कापले जातात, म्हणून दोन्ही परीक्षांची तयारी एकाच पद्धतीने करून भागत नाही.

या परीक्षेत नुसते उत्तीर्ण होणे पुरेसे नसते. खुल्या गटाला दोन्ही पेपर मिळून 40 टक्के आणि राखीव गटांना 35 टक्के ही केवळ किमान अट. दोन्ही पेपर दिलेल्यांपैकी 6 टक्के उमेदवार सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरवले जातात. जेआरएफच्या जागा त्याहून कितीतरी कमी असतात. त्या विषयवार आणि प्रवर्गवार वाटल्या जात असल्याने मराठीचा कटऑफ आणि इतिहासाचा कटऑफ यांची तुलना करण्यात अर्थ नसतो.

जून 2024 च्या सत्रापासून निकालात तीन गट असतात: जेआरएफसह सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेश, आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. पैसे मिळतात ते पहिल्याच गटाला. याच सत्राची 18 जून 2024 रोजी झालेली परीक्षा दुसऱ्या दिवशी रद्द झाली आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संगणकावर पुन्हा घेतली गेली. त्यामुळे त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे प्रवेशाचे सगळे वेळापत्रक पुढे ढकलले गेले.

महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते ती ‘सेट’ सहायक प्राध्यापकपदाची पात्रता देते, अधिछात्रवृत्ती देत नाही. सेट झाली म्हणजे फेलोशिपही मिळेल, ही समजूत अजूनही पुष्कळ ठिकाणी आढळते.

निकालापासून पहिल्या पैशापर्यंत. जेआरएफचे पत्र हातात आले म्हणजे पैसे सुरू झाले असे होत नाही. पत्राची मुदत तीन वर्षे असते आणि तेवढ्यात पीएच.डी.ला प्रवेश मिळवावा लागतो. रक्कम मोजली जाते ती निकाल आणि प्रवेश यांपैकी जी तारीख नंतरची तिच्यापासून. एकूण कालावधी जास्तीत जास्त 5 वर्षे. पहिली दोन वर्षे कनिष्ठ अधिछात्र, म्हणजे जेआरएफ. त्यानंतर बाहेरच्या तज्ज्ञासह तीन सदस्यांची समिती काम तपासते आणि समाधान झाल्यास विद्यार्थी वरिष्ठ अधिछात्र, म्हणजे एसआरएफ होतो.

1 जानेवारी 2023 पासून जेआरएफला दरमहा 37,000 रुपये आणि एसआरएफला 42,000 रुपये मिळतात. वसतिगृहात जागा नसेल तर केंद्र सरकारच्या दराने घरभाडे भत्ता जोडला जातो. जानेवारी 2024 पासून शहराच्या वर्गाप्रमाणे हा दर 30, 20 किंवा 10 टक्के आहे. पुण्यात भाड्याच्या खोलीत राहून मराठीत संशोधन करणाऱ्या विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. पुणे पहिल्या वर्गात मोडते, म्हणून तिचा भत्ता 37,000 च्या 30 टक्के, म्हणजे 11,100 रुपये. महिन्याला एकूण 48,100. तिसऱ्या वर्षी एसआरएफ झाल्यावर 42,000 आणि 12,600 मिळून 54,600. तिची मैत्रीण नागपुरात असेल तर शहर दुसऱ्या वर्गातले असल्याने तिला पहिल्या वर्षी 44,400 मिळतील.

हे पैसे विद्यापीठाच्या तिजोरीतून येत नाहीत. आधारशी जोडलेल्या स्वतःच्या खात्यात ते थेट जमा होतात आणि त्यासाठी कॅनरा बँकेचे पोर्टल वापरले जाते. विद्यापीठातला एक कर्मचारी महिन्याची नोंद भरतो आणि दुसरा अधिकारी ती तपासून मंजूर करतो. हजेरी आणि काम समाधानकारक असल्याची मार्गदर्शकांची सही त्याआधी लागते. ही साखळी कुठेही थांबली की त्या महिन्याचा पैसा थांबतो. म्हणून पैसे आले नाहीत तर दिल्लीला पत्र लिहिण्याआधी आपल्या विद्यापीठाने त्या महिन्याची पुष्टी केली आहे का, हे पाहावे. पुष्टी झालेली असूनही रक्कम नसेल तर आधार जोडणी किंवा खात्याचा तपशील तपासावा.

आणखी एक अडचण तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर येते. समितीची बैठक लांबली किंवा तिचा अहवाल पोर्टलवर चढला नाही, तर वरच्या उदाहरणातल्या विद्यार्थिनीच्या खात्यात 54,600 ऐवजी 48,100 च येत राहतात. महिन्याला 6,500 रुपयांचा हा फरक थकबाकी म्हणून मिळू शकतो, पण खोलीभाडे थकबाकीची वाट पाहत नाही. दुसरे वर्ष संपण्याच्या दोन-तीन महिने आधीच बैठकीची तारीख ठरवून घेणे हाच यावर खरा उपाय.

आकस्मिक अनुदान. बोलीत ‘कंटिन्जन्सी’. ही महिन्याची नव्हे, वर्षाची रक्कम आहे. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांना पहिली दोन वर्षे 10,000 आणि पुढे 20,500 रुपये. यूजीसीच्या विज्ञान अधिछात्रांना 12,000 आणि नंतर 25,000. दिव्यांग अधिछात्रांना मदतनीस किंवा वाचकासाठी दरमहा 2,000 रुपये वेगळे मिळतात.

यातून पुस्तके, नियतकालिके, छायाप्रती, टंकलेखन, लेखनसाहित्य, टपाल, रसायने आणि काचसामान, क्षेत्रकार्याचा प्रवास असा संशोधनाशी थेट संबंध असलेला खर्च करता येतो. फर्निचर किंवा विद्यापीठानेच पुरवायच्या वस्तू त्यात बसत नाहीत. बहुतेक ठिकाणी पैसे आधी खिशातून घालावे लागतात, मग मार्गदर्शकांच्या सहीने बिले विभागाकडे जातात आणि तपासणीनंतर मागणी पुढे सरकते. बिल विद्यार्थ्याच्या नावाचे, तारखेचे आणि त्याच वर्षातले असावे. खेड्यातल्या जीपवाल्याकडे छापील पावती नसते, म्हणून प्रवासाच्या दिवशीच ठिकाण, अंतर आणि रक्कम लिहून मार्गदर्शकांची सही घ्यावी. अनेक विद्यापीठे घेतलेली पुस्तके शेवटी ग्रंथालयात जमा करायला सांगतात, तेव्हा तो नियम आधीच विचारून ठेवलेला बरा.

आपल्या उदाहरणातली विद्यार्थिनी पाच वर्षांत कंटिन्जन्सी म्हणून जास्तीत जास्त 81,500 रुपये घेऊ शकते. डिसेंबर 2014 मध्ये जेआरएफ 25,000 रुपये होती, 2019 मध्ये ती 31,000 झाली आणि आता 37,000 आहे. कंटिन्जन्सीचे आकडे मात्र या सगळ्या काळात तसेच राहिले. ग्रंथालयात बसून काम करणाऱ्याचे त्यात कसेबसे भागते. पण गडचिरोलीत किंवा सिंधुदुर्गात गावोगाव फिरून लोकगीते ध्वनिमुद्रित करणाऱ्याला पहिल्या दोन वर्षांत महिन्याला 833 रुपये पडतात, आणि उरलेला प्रवासखर्च तो आपल्या महिन्याच्या अधिछात्रवृत्तीतूनच भागवतो.