तारीख बदलली आणि आकाशाला पायऱ्या पडल्या

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी ऐरोलीच्या खाडीवर काढलेला फ्लेमिंगोंचा फोटो आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटाने पोस्टरसाठी मागितला. खाली पक्ष्यांची रांग आणि वर नुसतं आकाश, म्हणजे अक्षरांसाठी आयती जागा. मी जेपीजी उघडली, आकाशावर वरून खाली विरत जाणारी काळसर छटा दिली, त्यावर सहलीची तारीख आणि गटाचा लाल लोगो टाकला आणि सेव्ह केलं.

दोन दिवसांनी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून तारीख बदलली. फोटो, छटा, अक्षरं सगळं आता एकच झालेलं. मग जुन्या तारखेवर शेजारचं आकाश थापलं आणि ठिगळ लपावं म्हणून उजेड-कॉन्ट्रास्ट बदलणारा कर्व्ह चांगलाच ओढला. ठिगळ लपलं, पण आकाशात स्पष्ट पट्टे दिसू लागले.

जेपीजी 8 बिटची असते, म्हणजे लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या. माझ्या मूळ फोटोत आकाशाचा उजळपणा सुमारे 2000 पिक्सेलांच्या उंचीत 180 पासून 200 पर्यंत जात होता. म्हणजे जेमतेम 20 पायऱ्या, प्रत्येक साधारण 100 पिक्सेल रुंद. एका पायरीचा फरक डोळ्याला सहसा कळत नाही. पण कर्व्हने तिथला कॉन्ट्रास्ट तिप्पट केला, की पायऱ्या 20 च राहतात आणि प्रत्येकीची उंची तिप्पट होते. मधल्या छटा कुठून येणार? त्या फाईलमध्ये नव्हत्याच. कुठल्या उजळपणाचे किती पिक्सेल आहेत हे दाखवणारा हिस्टोग्राम उघडून पाहिला तर तो फणीसारखा दिसत होता: एक दात, मग दोन घरं रिकामी.

कॅमेरा सेन्सरचा कच्चा डेटा ज्यात जपतो त्या 14 बिटच्या रॉ फाईलमध्ये 16,384 पायऱ्या असतात. 16 बिटच्या फाईलमध्ये 65,536, म्हणजे जेपीजीच्या एका पायरीत 256 बारीक पायऱ्या. तिथे कर्व्ह असा तिप्पट ओढला तरी फट दिसण्याइतकी रुंद होत नाही.

म्हणून मी पुन्हा रॉपासून सुरुवात केली. उजेड आणि कॉन्ट्रास्टचं काम रॉच्या प्रोग्रॅममध्येच उरकलं आणि 16 बिटची टिफ फाईल गिंप या फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये घेतली. सगळ्यात खाली फोटोचा लेयर, त्याला हात लावायचा नाही. वर काळी छटा स्वतंत्र लेयरवर, त्यावर अक्षरं, मग लोगो. छटा गडद वाटली तर त्या लेयरची अपारदर्शकता कमी करायची, खालचं आकाश जसंच्या तसं राहतं. हे सगळं लेयर वेगळे ठेवणाऱ्या गिंपच्या `.xcf` फाईलमध्ये जपलं.

पुढचं काम प्रतीवर. प्रत आधी 2048 पिक्सेलांपर्यंत लहान केली, मग अक्षरं त्या आकाराला नव्याने बसवली आणि शार्पनिंग फक्त फोटोच्या लेयरला दिलं. अक्षरांच्या कडा मुळातच धारदार असतात. त्यांनाही शार्पन केलं तर भोवती पांढुरकी कड उमटते, शिरोरेषेखाली तर फारच. त्यानंतर लेयर एकत्र करून रंग एसआरजीबीत आणले आणि प्रिसिजन 8 बिटवर आणताना डिदरिंग चालू ठेवलं. डिदरिंग म्हणजे दोन पायऱ्यांच्या सीमेवर पिक्सेलांची थोडी सरमिसळ, त्यामुळे सीमेची सरळ रेघ दिसत नाही. शेवटी पायऱ्या 256 च उरतात, त्यातून सुटका नाही. आणि जेपीजीची क्वालिटी फार खाली ओढली तर ही बारीक सरमिसळच आधी पुसली जाते व पट्टे परत येतात. मी 90 ठेवतो.

तरी लोगो बिघडलाच! पांढरी अक्षरं स्वच्छ आणि लाल लोगोच्या कडा मात्र विरघळल्यासारख्या. जेपीजी उजळपणा आणि रंग वेगवेगळे साठवते. 4:2:0 या पद्धतीत उजळपणा प्रत्येक पिक्सेलचा, पण रंग चार पिक्सेलांत मिळून एकच. आमच्या लोगोचा लाल 200, 30, 40 असा आहे. डोळा हिरव्याला जास्त आणि निळ्याला कमी दाद देतो, त्या प्रमाणात हिशेब केला तर त्याचा उजळपणा 82 येतो. काळ्या छटेखाली तिथलं आकाश 85 च्या आसपास होतं. म्हणजे उजळपणाच्या चित्रात लोगो जवळपास नव्हताच. त्याची कड फक्त रंगात होती आणि नेमका तोच भाग आडव्या-उभ्या दोन्ही दिशांना अर्ध्या बारकाव्याने साठवला गेला. पांढऱ्या अक्षरांची कड उजळपणात असल्याने ती वाचली.

एक्स्पोर्टच्या खिडकीत Subsampling मध्ये 4:4:4 निवडलं की प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. फाईल थोडी फुगते. तपासायला 300 टक्के झूम करून लाल कड बघावी. मी लोगोभोवती बारीक पांढरी कडही दिली, कारण व्हॉट्सअ‍ॅप फोटो पुन्हा दाबतं आणि तिथे माझं 4:4:4 टिकेल याची हमी नाही. गटावर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला.

मग बोटवाल्याचा फोन आला, रविवारऐवजी शनिवार. `.xcf` उघडून एक शब्द आणि एक आकडा बदलला, आकाश तसंच होतं.